कुत्रा दमला हे त्याच्या पाठीवरून ओळखा: पोहणं, पाण्याबाहेर येणं आणि नंतर कान कोरडे करणं

पाण्यात फेकलेलं खेळणं आणायला कुत्रा आठव्यांदा झेपावतो, तेव्हा त्याच्यात अजून दम आहे असा अर्थ काढू नका. उडालेल्या वस्तूमागे धावणं त्याच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की थकवा त्याला अडवत नाही. जमिनीवर याने फारसं बिघडत नाही. पळून दमला की तो जीभ काढून सावलीत आडवा पडतो. पाण्यात मात्र आडवं पडायला जागाच नसते. तिथे पाय थांबले की अंग खाली जातं. म्हणून कधी थांबायचं हे माणसाला ठरवावं लागतं, आणि कुत्र्याला थांबावंसं वाटण्याच्या बरंच आधी ठरवावं लागतं.

हे मी एका दुपारी शिकलो. माझा खंड्या मध्यम बांध्याचा, बावीस किलोचा, लोंबत्या कानांचा. नाव पाण्यात सूर मारणाऱ्या पक्ष्यावरून ठेवलं, कारण पिल्लू असल्यापासून त्याला पाणी दिसलं की धीर धरवत नाही. त्या दिवशी नदीच्या एका संथ डोहात मी बॉल फेकत होतो. सात वेळा त्याने तो आणला. आठव्या वेळी बॉल तोंडात धरून वळला, आणि काठापासून पंधराएक मीटरवर असताना त्याची पाठ दिसेनाशी झाली. डोकं आणि खांदे वर, बाकी अंग खाली. पुढचे पंजे पाण्यावर आपटत होते, पाणी उडत होतं, आणि तो पुढे सरकत नव्हता. लांबून पाहणाऱ्याला तो मस्ती करतोय असं वाटलं असतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. नशिबाने तिथे पाणी माझ्या छातीइतकंच होतं. मी आत गेलो आणि हार्नेसला धरून त्याला ओढून आणलं. काठावर त्याने बरंच पाणी ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी शेपूट लुळी पडली. तिसऱ्या दिवशी उजवा कान झटकायला लागला.

पाण्याशी संबंधित जवळपास सगळ्या चुका त्या एका दुपारीच झाल्या होत्या. त्याच क्रमाने त्या इथे उलगडतो.

पाण्यातलं अंग कसं वाचायचं

नीट पोहणाऱ्या कुत्र्याला बाजूने पाहा. पाठ पाण्याच्या पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर असते. ढुंगण वर असतं आणि शेपूट मागे तरंगत राहते, वळताना सुकाणूसारखी हलते. पुढचे पंजे पाण्याखालीच चालतात, त्यामुळे पाणी फारसं उडत नाही. शांतपणे पोहणारा कुत्रा जवळपास आवाजच करत नाही.

दमायला लागल्यावर बदल मागून पुढे येतो. आधी शेपूट खाली जाते. मग ढुंगण बुडतं आणि अंग तिरपं होतं. मागचे पाय पुरेसे चालत नाहीत, म्हणून वर राहण्याचा सगळा भार पुढच्या पायांवर पडतो. ते आता पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबायला लागतात. एव्हाना पंजे पाण्याबाहेर येऊन आपटायला लागलेले असतात. कुत्रा मान ताणून नाक वर धरतो, डोळे मोठे होतात, पांढरा भाग दिसू लागतो आणि हाक मारली तरी तो बघत नाही. शेवटी अंग जवळजवळ उभं होतं, जणू तो न दिसणारी शिडी चढतोय. या अवस्थेत तो जागच्या जागी असतो आणि त्याच्याकडे अगदी थोडा वेळ उरलेला असतो.

शेपूट खाली गेली की हाक मारून परत बोलवायचं. पंजे पाणी उडवायला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. खंड्याच्या बाबतीत मी पहिल्या दोन खुणा पाहिल्याच नाहीत, कारण माझी नजर त्याच्या तोंडातल्या बॉलवर होती.

इथे एक गल्लत होऊ शकते. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला कुत्रा पहिल्या क्षणापासूनच पंजे आपटतो आणि उभा राहायला बघतो. तो थकलेला नसतो, घाबरलेला असतो. मागचे पाय चालवायचे असतात हे त्याला अजून उमगलेलं नसतं. अशा वेळी कमरेइतक्या पाण्यात त्याच्या बाजूला उभं राहून एक हात पोटाखाली, मांड्यांच्या थोडं पुढे धरा आणि ढुंगण वर राहील इतकाच आधार द्या. अंग आडवं झालं की मागचे पाय आपोआप चालायला लागतात. बहुतेक कुत्र्यांना हे दोन-तीन खेपांत जमतं.

थकवा मोजण्याची माझी एक साधी रीत आहे. खेळणं तोंडात धरून वळल्यापासून पंजे जमिनीला लागेपर्यंत मी मनात आकडे मोजतो. पहिल्या फेरीला वीस झाले आणि तेवढ्याच अंतराच्या पुढच्या एखाद्या फेरीला तीस झाले, तर ती त्या दिवसाची शेवटची फेरी. खेळणं वाटेत सोडून दिलं किंवा काठावर येऊन अंग न झटकता तसाच उभा राहिला, तरीही शेवटची.

किती वेळ, आणि कोणाला अजिबात नको

पोहताना कुत्र्याला पाण्याचा रोध सतत ढकलावा लागतो आणि मध्ये कुठे सैल सोडता येत नाही. रोज तासभर फिरणारा धडधाकट कुत्राही पहिल्या दिवशी काही मिनिटांतच दमतो, आणि मालक बुचकळ्यात पडतो. फिरण्याचा दम आणि पोहण्याचा दम वेगळा.

मी आता असं करतो. हंगामाच्या सुरुवातीला एका वेळी दोन मिनिटं पोहणं, मग पाण्याबाहेर पाच मिनिटं पूर्ण विश्रांती, अशा तीनच फेऱ्या. विश्रांती म्हणजे खरंच बाहेर, कोरड्या जागी. उथळ पाण्यात उभं राहणं विश्रांती नव्हे, तिथेही अंगातली ऊब जात राहते. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा उठला-बसला, पाय आखडले नाहीत, तर पुढच्या खेपेला अर्धा-एक मिनिट वाढवायचं. पाच-सहा आठवड्यांनी तरबेज झालेल्या कुत्र्यालाही मी सलग दहा मिनिटांच्या वर पोहू देत नाही. पाणी गार असेल तर याच्या निम्मं. हात घालून अर्धा मिनिट ठेवल्यावर तुमचा हात दुखायला लागला, तर त्या दिवशी पोहणं नकोच.

काही कुत्र्यांच्या शरीराची घडणच पोहण्याच्या विरुद्ध आहे. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांचं डोकं जड आणि नाक चपटं. नाक पाण्याबाहेर ठेवायला त्यांना मान मागे टाकावी लागते, आणि मान मागे गेली की ढुंगण खाली जातं. दमलेला कुत्रा शेवटी ज्या अवस्थेत पोचतो, तिथून यांची सुरुवात होते. डॅशहुंड आणि बॅसेट हाउंड यांचे पाय आखूड, अंग लांब, त्यामुळे वल्हं छोटं आणि होडी मोठी अशी गत. या जातींना लाइफ जॅकेटशिवाय पोट टेकण्याइतक्या पाण्यापलीकडे नेऊ नये. फिट येणारा, हृदयाचा त्रास असलेला किंवा सांधे धरलेला म्हातारा कुत्रा असेल तर आधी पशुवैद्यांशी बोला. लहान पिल्लं लवकर गारठतात.

लाइफ जॅकेट घेताना पाठीवर मजबूत मूठ आहे ना हे आधी पाहा. पट्टे आवळल्यावर पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, जास्त नाही. मग मुठीला धरून कुत्र्याला जमिनीवरून इंचभर उचलून बघा. जॅकेट मानेकडे सरकलं किंवा पुढचा पाय निसटला, तर पाण्यातही तेच होणार. चपट्या नाकाच्या कुत्र्यासाठी हनुवटीखाली तरंगणारी उशी असलेलं जॅकेट मिळतं, ते घ्यावं. पहिले दोन-तीन दिवस जॅकेट घरातच घालून फिरवा. अनोळखी कपडा आणि अनोळखी पाणी दोन्ही एकदम नको.

आत जाण्याआधी बाहेरची वाट

स्विमिंग पूलमध्ये कुत्रा बुडतो तो बहुधा पोहता येत नाही म्हणून नव्हे, तर बाहेर कुठून पडायचं हे न कळल्यामुळे. तो जिथून पडला किंवा उडी मारली तिथेच परत येतो, काठाला पंजे लावतो आणि घसरतो. पायऱ्या चार मीटरवर असल्या तरी त्या त्याला दिसत नाहीत, कारण त्याचे डोळे पाण्याच्या पातळीवर असतात. काठ खरवडत खरवडत तो दमतो.

म्हणून पूलमध्ये पहिला धडा पोहण्याचा नाही, बाहेर येण्याचा. पायऱ्यांपाशी, त्याला उभं राहता येईल अशा पायरीवर त्याला ठेवा, तोंड पायऱ्यांकडे करा, ‘वर’ किंवा तुम्हाला सोयीचा एकच शब्द म्हणा आणि वर आला की खाऊ द्या. असं पाच-सहा वेळा. मग हार्नेसला धरून एक मीटर आत न्या, तिथून सोडा. मग दोन मीटर. मग बाजूच्या भिंतीकडून, समोरच्या भिंतीकडून, आणि शेवटी त्याची पाठ पायऱ्यांकडे असताना. ही शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण चुकून पडलेला कुत्रा कुठल्याही दिशेला तोंड करून वर येऊ शकतो. पायऱ्यांच्या बाजूला काठावर कायम एक उंच, ठळक खूण ठेवा. मोठी कुंडी चालेल, झेंडा चालेल. पाण्यातून वर बघताना उठून दिसली पाहिजे आणि कधीही हलवू नये. हे रोज पाच मिनिटं असं दोनेक आठवडे केलं, की मग शब्द न उच्चारता तपासा. तो स्वतःहून खुणेकडे वळला तर धडा पक्का झाला. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी पुन्हा तपासा, कुत्री विसरतात.

नुसती शिडी असलेल्या पूलमध्ये हा धडा देता येत नाही, उभ्या शिडीवर कुत्रा चढत नाही. तिथे कडेला अडकवायचा तरंगता उतार लावावा लागतो. आणि पूलवर पसरलेलं सैल आच्छादन मला उघड्या पाण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. कुत्र्याला ती जमीन वाटते. तो त्यावर चालतो, कापड खचतं आणि तो त्यात गुंडाळला जातो. पूलला कुंपण आणि बंद होणारं दार हवंच, मग कुत्रा कितीही पट्टीचा पोहणारा असो.

नदीत बाहेरची वाट सरकती असते. उतरण्याआधी एक काटकी पाण्यात टाका आणि तिच्याबरोबर काठाने चाला. नेहमीच्या चालीने तुम्ही तिच्याबरोबर राहू शकलात, तरी कुत्र्यासाठी ती धार जोरदारच आहे. काटकी मागे पडत असेल, तुम्हाला थांबून वाट पाहावी लागत असेल, तरच पुढचा विचार करा. मग प्रवाहाच्या दिशेने पन्नासेक मीटर चालत जा. कुत्रा वाहत आला तर कुठे बाहेर पडेल? तिथे उतरता, मोकळा काठ हवा. आडवं पडलेलं झाड, पाण्यात बुडालेल्या फांद्या, बांध किंवा खडकांची रांग दिसली तर जागा बदला. फांद्यांमधून पाणी निघून जातं आणि अंग अडकतं, वर धार त्याला आत दाबत राहते. अशा ठिकाणाहून कुत्र्याला सोडवणं धडधाकट माणसालाही जमत नाही.

फेकायचं ते नेहमी प्रवाहाच्या वरच्या बाजूला. म्हणजे जाताना, ताकद असताना, तो धारेविरुद्ध जातो आणि येताना धार त्याला साथ देते. त्या दुपारी मी नेमकं उलटं केलं होतं. डोह संथ दिसत होता म्हणून मी धारेचा विचारच केला नाही, आणि खाली फेकलेला बॉल घेऊन त्याला आठही वेळा थोडं का होईना वर चढावं लागलं.

गळ्यातला पट्टा काढून ठेवा, तो फांदीत अडकतो. हार्नेस हवा, पाठीवर कडी असलेला. मोकळ्या, स्वच्छ पात्रात आठ-दहा मीटरची तरंगणारी दोरी लावता येते, पण ती हाताला गुंडाळू नका, नुसती धरा. दगड-मुळं असलेल्या जागी दोरीच फास होते, तिथे दोरी नको. खरं सांगायचं तर अशा जागी कुत्राही नको.

पाण्यावर हिरवा-निळसर तवंग, रंग सांडल्यासारखे पट्टे किंवा वाटाण्याच्या सूपासारखं दाट पाणी दिसलं तर पंजाही बुडवू देऊ नका. निळ्या-हिरव्या शेवाळातली काही विषं कुत्र्याला तासाभरात मारू शकतात, आणि अंगाला लागलेलं पाणी चाटूनही ती पोटात जातात. मोठ्या पावसानंतरचं गढूळ पाणीही टाळा. लेप्टोस्पायरोसिसची लस घेतली आहे ना, हे नदीवर जाणाऱ्यांनी एकदा बघून घ्यावं.

पोटात गेलेलं पाणी

तोंडात गोल बॉल धरून पोहताना जबडा उघडा राहतो आणि प्रत्येक लाटेगणिक पाणी आत जातं. दमलेल्या, नाक वर धरून धडपडणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तर ते अखंड जातं. थोडं पाणी लघवीवाटे निघून जातं. फार गेलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. लहान कुत्र्यांत हे लवकर होतं, कारण अंग लहान आणि घोट तेवढेच.

खुणा अशा: पोट फुगलेलं, उलट्या, लाळ, पाय अडखळणं, झापड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, हिरड्या फिक्या. पुढे फिट येते. पाण्यातून आल्यावर कुत्रा दारू प्यायल्यासारखा चालायला लागला तर ‘दमलाय, झोपू दे’ असं म्हणू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा आणि ‘पोहताना भरपूर पाणी प्यायला आहे’ हे आधी सांगा. नाहीतर लक्षणांवरून विषबाधा वगैरे शोधण्यात वेळ जातो.

उपाय साधा आहे. बॉलऐवजी चपटं, मऊ, तरंगणारं खेळणं घ्या. ते धरताना जबडा जवळजवळ मिटलेला राहतो. काठी फेकू नका, ती उथळ तळात उभी रुतते आणि घशात घुसते. प्यायचं पाणी सोबत न्या आणि दर विश्रांतीला पुढे करा, म्हणजे तहान लागली म्हणून तो नदीचं पिणार नाही.

कुत्रा अडचणीत आला तर

आधी काठावरून हाक मारा आणि बाहेरच्या वाटेकडे पळत जा, बरेचदा तो तुमच्या दिशेने वळतो. दोरी असेल तर ओढा. तरंगणारी वस्तू फेका. धारेत स्वतः उडी मारू नका. अशात आधी माणूस बुडतो आणि कुत्रा पुढे कुठेतरी बाहेर पडतो, असं घडत आलं आहे. उभं राहता येईल इतकं संथ पाणी असेल तर आत जा, पण समोरून नको. घाबरलेला कुत्रा तुमच्या खांद्यावर चढतो. मागून किंवा बाजूने जाऊन हार्नेसला धरा.

बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर पाणी काढत बसू नका. जीभ पुढे ओढा, तोंडातली घाण काढा, तोंड मिटून धरा आणि नाकपुड्यांतून छाती वर येईल इतकीच फुंकर मारा. तरी श्वास नाही, हालचाल नाही, तर कुशीवर झोपवून छातीच्या सर्वांत रुंद भागावर मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाबा. छातीची रुंदी एक-तृतीयांश ते निम्मी आत जावी. 30 वेळा दाबून 2 फुंकरा, असं चालू ठेवा आणि कोणीतरी गाडी काढावी. बुलडॉगसारख्या पसरट छातीच्या कुत्र्याला पाठीवर झोपवून दाबतात.

तो शुद्धीवर आला, शेपूट हलवली, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वर येतो. खोकला, भरभर श्वास किंवा निळसर हिरड्या ही त्याची चिन्हं. मी खंड्याला त्याच संध्याकाळी नेलं. छाती स्वच्छ निघाली, पण रात्रभर दर दोन तासांनी त्याचे श्वास मोजायला सांगितले होते. शांत झोपेत मिनिटाला तिसाच्या आत राहिले तर ठीक.

दुसऱ्या दिवशीची लुळी शेपूट

सकाळी खंड्याची शेपूट मुळापासून थोडी आडवी आणि मग सरळ खाली लोंबत होती. हात लावू देईना. मला वाटलं मोडली. पशुवैद्यांनी चाचपून सांगितलं की शेपटीच्या मुळाशी असलेले स्नायू ताणले गेले आहेत. वळताना आणि तोल सांभाळताना शेपटीवर फार भार पडतो, त्यात पाणी गार असलं की हे होतं. बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. वेदना असेल तर पशुवैद्य औषध देतात. माणसाची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नका, ती त्याला विषासारखी भोवतात.

कान

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी L अक्षरासारखी. पाणी उतारावरून खाली जाऊन वळणावर साचतं. वर लोंबता कान झाकणासारखा पडलेला. आत ऊब, ओल आणि अंधार, म्हणजे यीस्ट आणि जिवाणूंना हवं ते सगळं. जोरात डोकं झटकल्याने वरचं पाणी उडतं, वळणावरचं राहतं. म्हणून ‘त्याने झटकलंय, झालं’ हे पुरत नाही.

माझी आताची पद्धत. काठावर आला की आधी त्याला मनसोक्त झटकू द्या. मग अंगावरून स्वच्छ पाणी ओता. नदीचा गाळ असो की पूलचं क्लोरीन, दोन्ही कातडीला नको. यावेळी कानात पाणी जाऊ देऊ नका. ओला हार्नेस काढा, दाट केसांच्या कुत्र्याला कातडीपर्यंत कोरडं करा. कान शेवटी घ्या, कारण टॉवेलने पुसताना तो पुन्हा डोकं झटकतोच.

कानाचा लोंबता भाग आतून-बाहेरून सुक्या कापडाने टिपा, घासू नका. मग कान डोक्यावर उलटा धरून आत बघा आणि वास घ्या. निरोगी कान फिकट गुलाबी असतो आणि त्याला जवळपास वास नसतो. हे रोज केलंत तर नाकच तुम्हाला सगळ्यात आधी सांगेल.

त्यानंतर कान धुण्याचं आणि सुकवण्याचं औषध. पशुवैद्यांकडून असं मागून घ्या की जे आतली ओल ओढून नेतं. बाटली आधी पाच मिनिटं खिशात ठेवा. गार थेंब आत गेला की कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी कान देत नाही. कान वर आणि थोडा बाहेर ओढून धरा, म्हणजे नळीचं वळण थोडं सरळ होतं. बाटलीचं टोक आत न खुपसता नळी भरेल इतकं ओता. लगेच कान सोडू नका. कानाच्या मुळाशी, गालाच्या वर, बोटांना एक कडक नळी लागते. तिला अर्धा मिनिट हळू चोळा. चुबुक-चुबुक असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर औषध खाली पोचलेलं नाही. मग हात काढा, एक पाऊल मागे व्हा आणि त्याला झटकू द्या. बाहेर आलेलं कापसाने टिपा. कापूस बोटाला गुंडाळायचा आणि बोट जाईल तिथपर्यंतच जायचं. कानकाडी नको, ती मळ आत ढकलते. तेल नको, ते ओल कोंडून धरतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर नको, सोललेल्या कातडीला ते झोंबतं. गरम हवेचा ड्रायरही नको.

शेवटी अर्धा तास कान उघडे राहू द्या. लांब कान डोक्यावर उलटे टाकून सैल पट्टीने धरले तर आत वारा लागतो. पट्टी इतकी सैल असावी की बोट सहज जाईल, आणि तुम्ही समोर असेपर्यंतच ती ठेवावी.

हे पोहल्याच्या दिवशी एकदा, बस. रोज पोहणाऱ्या कुत्र्याचे कान रोज भरभरून धुतले तर आतली कातडी फुगून मऊ पडते आणि उलट संसर्ग होतो. सलग दिवस पोहत असाल तर औषध किती दिवसांनी घालायचं हे पशुवैद्यांना विचारा, मधल्या दिवशी नुसतं टिपणं आणि उघडे ठेवणं करा.

एक सक्त मर्यादा मात्र पाळा. कान लाल, दुखरा, वास येणारा, आत तपकिरी किंवा पिवळा चिकटा, डोकं एका बाजूला कललेलं, चालताना तोल जातोय, यातलं काहीही असेल तर घरी एक थेंबही घालू नका. पडदा फाटलेला असेल तर धुण्याचं औषध मधल्या कानात जातं आणि त्यातली काही औषधं कायमचं बहिरेपण आणू शकतात. पडदा शाबूत आहे की नाही, ते आत बघणाऱ्या उपकरणाशिवाय कळत नाही. झटकणं दोन दिवस चालू राहिलं तरीही दाखवा, कारण फार झटकल्याने लोंबत्या कानातली रक्तवाहिनी फुटते आणि कान फुग्यासारखा फुगतो. मग कधी छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.

खंड्याचा उजवा कान तिसऱ्या दिवशी वास मारायला लागला होता, शिळ्या पावासारखा. मी आधीची उरलेली बाटली काढलीही होती, पण त्याने हात लावताच कळवळून मान काढून घेतली, म्हणून थांबलो. पशुवैद्यांनी कापसावर घेतलेला चिकटा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, यीस्ट निघाली. पडदा शाबूत होता. चौदा दिवस थेंब चालले. सातव्या दिवशी कान अगदी स्वच्छ दिसत होता आणि औषध बंद करायचा मोह झाला होता. ते तसं बंद केलं की वळणावर उरलेली यीस्ट पुन्हा वाढते, म्हणून पूर्ण दिवस घातले. पंधराव्या दिवशी पुन्हा कापसाचा नमुना घेतला, काही निघालं नाही. त्यानंतर आणखी आठवडाभर पाण्यापासून लांब ठेवून मग नेलं. दोन मिनिटं, चपटं खेळणं, वरच्या बाजूला फेकलेलं. दुसऱ्या फेरीला वीसच्या जागी सव्वीस आकडे लागले, आणि आम्ही घरी आलो.